किडनी प्रत्यारोपणासाठी मदतीचं आवाहन: दया न मागता नेमकं कसं लिहावं

प्रश्न: "माझा मावसभाऊ ३४ वर्षांचा आहे, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतो. दोन्ही किडन्या निकामी आहेत. चौदा महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, ते योजनेतून मोफत होतं. बाकीचे तीन दिवस तो कामावर जातो. वहिनी किडनी देणार आहेत. पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात प्रत्यारोपण ठरतंय. सगळा खर्च धरून ८,४०,००० रुपये होतात, त्यातले ३,००,००० आम्ही उभे केले. ओळखीच्या एकाने खालचा मजकूर लिहून दिला. तो वाचून भाऊ म्हणाला, हे टाकणार असाल तर मला ऑपरेशनच नको. यात काय बदलू?

'हात जोडून भीक मागतो, एका बापाला वाचवा!! दोन चिमुकल्या रोज विचारतात, पप्पा मरणार का? डॉक्टरांनी हात टेकले. सात दिवसांत किडनी घेण्यासाठी २० लाख जमले नाहीत तर या मुली अनाथ होतील. पत्नी जीव धोक्यात घालून किडनी देतेय, तुम्ही साधे ५०० रुपये देऊ शकत नाही? माणुसकी जिवंत असेल तर १० ग्रुपवर पाठवा.'"

उत्तर:

भावाचा नकार हा या कामातला पहिला उपयोगी सल्ला आहे, तो गांभीर्याने घ्या. पण नुसते शब्द सौम्य करून भागणार नाही. या मजकुरात आजाराचं नाव नाही, रुग्णालय नाही, हिशेब नाही, पैसे कुठे जाणार ते नाही. माहितीची जागा रिकामी राहिली की ती भरायला मुलींचे अश्रू आणावे लागतात. म्हणून आधी काय काढायचं ते सांगतो, मग त्या जागी काय घालायचं ते.

सगळ्यात आधी "किडनी घेण्यासाठी २० लाख" हे शब्द काढा. लिहिणाऱ्याच्या मनात काही नसेल, पण वाचणाऱ्याला किडनी विकत घ्यायची आहे असा अर्थ लागतो. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा आहे. त्यानुसार अवयवासाठी पैसे देणं, घेणं किंवा तशी जाहिरात करणं हा गुन्हा आहे आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा पाच ते दहा वर्षं कैद अशी आहे. दात्याची मंजुरी देताना रुग्णालय पैशाचा व्यवहार नाही ना, हेच तपासतं. त्या वेळी असा मजकूर कुणाच्या मोबाइलवर फिरत असेल, तर विनाकारण प्रश्न उभे राहतील. "प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या औषधांचा खर्च" असं स्वच्छ लिहा.

दुसरी ओळ सात दिवसांची. ती खरी नाही. डायलिसिस नीट चालू असलेला माणूस सात दिवसांत पैशाअभावी जात नाही. प्रत्यारोपणाने त्याचं आयुष्य वाढतं, काम करता येतं, पथ्यपाण्याचा जाच कमी होतो, म्हणून ते करायचं. खोट्या मुदतीची अडचण अशी की आठव्या दिवशी तुम्हाला पुन्हा लिहावं लागतं आणि तेव्हा पहिलं वाक्य खोटं होतं हे सगळ्यांना कळतं. खरी मुदत असेल तर ती कारणासह लिहा: दाखल होण्याआधी अनामत भरायची तारीख, किंवा तपासण्या जुन्या झाल्या तर त्या पुन्हा कराव्या लागतात, एवढंच. "डॉक्टरांनी हात टेकले" हेही जाऊ द्या. डॉक्टरांनी हात टेकले असते तर त्यांनी शस्त्रक्रियेचा अंदाजखर्च कशाला लिहून दिला असता?

आता वहिनींचं वाक्य. बहुतेक लोकांना तेच सगळ्यात हृद्य वाटतं आणि माझ्या मते तेच सगळ्यात घातक आहे. दात्याला शस्त्रक्रियेच्या क्षणापर्यंत नाही म्हणण्याचा हक्क आहे. २०१४ च्या नियमांत तर दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी, असं वेगळं लिहिलं आहे. ते उगाच लिहिलेलं नाही. घरातल्या बाईवर सासर-माहेरचा दबाव येतो हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. तुम्ही पाचशे माणसांना सांगितलंत की ही बाई नवऱ्यासाठी किडनी देतेय, आणि त्यावर पाच लाख जमले, की तिचं नाही म्हणणं संपलं. तपासणीत तिचा रक्तदाब किंवा साखर वाढलेली निघाली, एखादी किडनी लहान निघाली, तरी "मग पैसे कशाला घेतले" हा प्रश्न गल्लीत तिलाच विचारला जाईल. म्हणून दात्याचं नाव, नातं, फोटो, कौतुक, यातलं काहीही आवाहनात नको. "कुटुंबातील दात्याच्या तपासण्या आणि कायदेशीर मंजुरी चालू आहे" इतकं पुरतं. देणाऱ्याला एवढंच कळायला हवं की दाता आहे आणि तो कायदेशीर आहे.

मुलींनाही त्यातून बाहेर काढा. त्या शाळेत जातात, त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या आयांच्या मोबाइलवर हा मजकूर येणार आहे. "दोन मुली आहेत" ही माहिती झाली, ती चालेल. त्यांची वाक्यं आणि चेहरे नकोत.

आता वीस लाखांकडे येऊ. ऑनलाइन मदत गोळा करणाऱ्या मंचावर पान उघडताना आकडा मोठा टाका, निम्मे तरी येतील, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामुळे होतं उलटं. प्रत्यारोपणाच्या खर्चाची साधारण कल्पना असलेला कुणीही, म्हणजे डॉक्टर, औषध दुकानदार, ज्याच्या घरात किडनीचा रुग्ण होऊन गेला तो, आकडा बघून थांबतो. आणि असेच लोक इतरांना "खरं आहे, द्या" असं सांगत असतात. शिवाय वीस लाखांपैकी सहा लाख जमले की पान अपुरं, अयशस्वी दिसतं, प्रत्यक्षात मात्र तुमची गरज भागलेली असते.

तुमचा हिशेब असा मांडता येईल. रुग्णालयाच्या पत्रातला शस्त्रक्रियेचा खर्च, दाता आणि रुग्ण दोघांचा मिळून, ५,९०,००० धरू. दोघांच्या आधीच्या तपासण्या ८५,०००. शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा महिने औषधं आणि रक्ततपासण्या महिन्याला २०,००० प्रमाणे १,२०,०००. पहिले तीन महिने रुग्णालयाजवळ पुण्यात राहावं लागतं, कारण सुरुवातीला वरचेवर रक्त तपासून औषधाची मात्रा बदलतात. त्या खोलीचं भाडं आणि जेवण ४५,०००. बेरीज ८,४०,०००. तुमच्या रकमा थोड्या वेगळ्या असतील तर त्या घाला, पण चार ओळींची ही मांडणी ठेवा.

औषधांची ओळ लोक विसरतात, आणि पुढे तिथेच घोटाळा होतो. प्रत्यारोपित किडनी शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन यांसारखी औषधं रोज, कायमची घ्यावी लागतात. टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण मोजत राहावं लागतं. कमी झालं तर किडनी धोक्यात, जास्त झालं तर औषधच किडनीला त्रास देतं. फक्त शस्त्रक्रियेचे पैसे जमवून घरी आलेलं कुटुंब चौथ्या महिन्यात गोळ्या अर्ध्या करतं. म्हणून सहा महिन्यांची औषधं मूळ आवाहनातच मागा, आणि सहा महिन्यांनंतर ती कशी चालवणार हेही एका वाक्यात लिहा.

तुमच्या तीन लाखांचं वाटपही विचारपूर्वक करा. समजा त्यात तपासण्यांचे भरून झालेले ८५,०००, पतसंस्थेचं १,५०,००० कर्ज आणि नातेवाईक-सहकाऱ्यांचे ६५,००० आहेत. तर पुण्यातलं राहणं-जेवण ४५,००० तुम्ही तुमच्याच पैशातून करा आणि उरलेले १,७०,००० शस्त्रक्रियेत घाला. मग लोकांकडून शस्त्रक्रियेचे ४,२०,००० आणि औषध-तपासण्यांचे १,२०,०००, मिळून ५,४०,००० मागायचे. यात फायदा असा की खोलीभाडं आणि जेवण यांची पक्की बिलं मिळत नाहीत, आणि शंका नेहमी तिथेच निघते. दिलेल्या प्रत्येक रुपयासमोर रुग्णालयाची पावती किंवा औषधाचं बिल दाखवता आलं, तर कुणाला तोंड चुकवावं लागत नाही.

आवाहन टाकण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तयार हवं: योजनेतून का होत नाही? सोलापुरात हा प्रश्न पहिला येणार, कारण डायलिसिस योजनेतूनच चालू आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते संलग्न रुग्णालयातच मिळतं. डायलिसिस केंद्रावरच्या आरोग्यमित्राला विचारा: ठरलेलं रुग्णालय प्रत्यारोपणासाठी योजनेत आहे का, नसेल तर जवळपास कोणतं आहे, आणि तिथे किती दिवस थांबावं लागेल. याच्या उत्तरावर बरंच काही अवलंबून आहे. योजनेत होण्यासारखं असेल तर तुमचं आवाहन औषधं आणि पुण्यातल्या मुक्कामापुरतं, दीड-पावणेदोन लाखांचं होईल आणि लवकर पूर्ण होईल. नसेल तर तसं कारण लिहा.

रुग्णालय धर्मादाय आहे, म्हणजे दुसरा अर्जही आहेच. अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीचा अर्जही करा. कारखान्यात ईएसआय कापला जात असेल तर आधी तिकडे चौकशी करा. हे सगळं मंजूर होईपर्यंत आवाहन थांबवायला हवं असं नाही, पण कोणता अर्ज केला, कुठे अडकला, हे आवाहनात असायलाच हवं. मंजुरी आली की मागणी तेवढी कमी करायची. मागणी कमी करणारं कुटुंब लोकांना फार क्वचित दिसतं, आणि ते लक्षात राहतं.

कुणाच्या तोंडून लिहायचं? रुग्ण लहान असेल किंवा शुद्धीत नसेल तर नातेवाइकाने लिहावं. तुमचा भाऊ आठवड्यात तीन दिवस माग चालवतो. तो स्वतः बोलू शकतो, आणि त्याने "मी" म्हणून लिहिलं की करुणेचे बरेचसे शब्द आपोआप गळतात, कारण स्वतःबद्दल कुणी "तडफडतोय" लिहीत नाही. फोन मात्र तुमचा द्या. डायलिसिसवरून आलेल्या माणसाने अनोळखी लोकांना उत्तरं देत बसू नये. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मजकूर असा होतो:

"किडनी प्रत्यारोपणासाठी ५,४०,००० रुपयांची मदत हवी आहे (सोलापूर)

मी ३४ वर्षांचा आहे. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतो. घरी पत्नी आणि दोन मुली आहेत. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. चौदा महिन्यांपासून आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस घेतो आणि उरलेले तीन दिवस कामावर जातो. डायलिसिस सरकारी योजनेतून मोफत होतं, त्यासाठी मदत नको आहे.

डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा सल्ला दिला आहे. ते झालं तर डायलिसिस थांबेल आणि काही महिन्यांनी पूर्ण आठवडा काम करता येईल, अशी अपेक्षा आहे. कुटुंबातील दात्याच्या तपासण्या आणि कायदेशीर मंजुरी पुण्यातील रुग्णालयात चालू आहे.

एकूण खर्च ८,४०,००० रुपये आहे. शस्त्रक्रिया ५,९०,०००, आधीच्या तपासण्या ८५,०००, सहा महिन्यांची औषधं आणि रक्ततपासण्या १,२०,०००, पुण्यात तीन महिने राहणं-जेवण ४५,०००.

आम्ही बचत, पतसंस्थेचं कर्ज आणि नातेवाइकांच्या मदतीने ३,००,००० उभे केले आहेत. तपासण्या आणि राहण्याचा खर्च त्यातूनच होईल. शस्त्रक्रियेसाठी ४,२०,००० आणि औषधांसाठी १,२०,००० कमी पडतात.

हे रुग्णालय प्रत्यारोपणासाठी योजनेत नाही. धर्मादाय सवलतीसाठी आणि मुख्यमंत्री निधीसाठी अर्ज केले आहेत, निर्णय बाकी आहे. मंजूर होईल तेवढी रक्कम या मागणीतून कमी करू.

शस्त्रक्रियेची मदत थेट रुग्णालयात माझ्या नावावर जमा होईल. औषधांची बिलं दर महिन्याला इथे ठेवू. सहा महिन्यांनंतर औषधं माझ्या पगारातून चालवायचा विचार आहे. शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली तर खर्च वाढू शकतो. तो यात धरलेला नाही, वेळ आली तर रुग्णालयाच्या पत्रासह कळवू. प्रत्यारोपण होऊ शकलं नाही तर उरलेल्या रकमेचं काय करायचं हे देणाऱ्यांना विचारूनच ठरवू.

जमेल तेवढी मदत करावी. जमत नसेल तर काही हरकत नाही. चौकशीसाठी माझ्या मावसभावाचा क्रमांक खाली दिला आहे."

यातली "हे रुग्णालय योजनेत नाही" आणि अर्जांची वाक्यं तुमची चौकशी झाल्यावरच ठेवा. आधीच लिहून टाकू नका. भावाने हे कागदावर वाचावं, नको ते खोडावं आणि मगच सही करावी. दोन मुलींचा उल्लेखही त्याला नको असेल तर काढा, मजकुराचं काही बिघडत नाही. शेवटून दुसऱ्या ओळीबद्दल लोक विचारतात: "जमत नसेल तर हरकत नाही" असं लिहिल्यावर देणार कोण? देणारा त्या ओळीमुळे थांबत नाही. पण ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत, तुमच्याच खात्यातला दुसरा कामगार, तो त्या ओळीमुळे तुम्हाला टाळत नाही, आणि बहुधा रक्तदानाला किंवा पुण्याच्या फेऱ्यांना तोच उभा राहतो.

"साधे ५०० रुपये" यासारखी तुलना कुठेच नको. रकमेचा अंदाज द्यायचाच असेल तर खर्चाच्या भाषेत द्या: एका महिन्याची औषधं आणि तपासण्या २०,०००. चार मित्र मिळून पाच-पाच हजार काढतील की एखादा शंभर देईल, ते त्यांनी ठरवावं. कारखान्यात वर्गणी काढलीत तर कोणी किती दिले याची यादी भिंतीवर लावू नका. फक्त एकूण आकडा सांगा. पावती ज्याची त्याला द्या.

कागदपत्रांत दोनच गोष्टी पुरतात: रुग्णालयाच्या शिक्क्याचं, तारखेचं अंदाजखर्चाचं पत्र आणि आजाराचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. पत्रावर घरचा पत्ता, रुग्ण क्रमांक, बारकोड आणि क्यूआर कोड झाका. आधार कार्ड टाकू नका. सगळे रक्ताचे रिपोर्ट टाकायची गरज नाही, त्यात एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्याही असतात आणि त्या कुणाच्याही बघण्याच्या गोष्टी नाहीत. दात्याच्या नावाचा एकही कागद जाता कामा नये. अंदाजखर्चाच्या पत्रावर दात्याचं नाव छापलेलं असू शकतं, ते नीट बघून झाका. फोटो एकच, भावाचा, घरचा किंवा मागाजवळचा, धुतलेल्या शर्टातला. मानेतली नळी, हातातल्या सुया, डायलिसिसचं यंत्र यातलं काही नको.

पैसे शक्यतो थेट रुग्णालयात किंवा मंचाकडून रुग्णालयात जाऊ द्या. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांहून जास्त रक्कम वैयक्तिक खात्यात आली तर ती करपात्र उत्पन्नात धरली जाऊ शकते, म्हणून सीएला आधीच विचारून घ्या. "करसवलत मिळेल" असं लिहू नका. व्यक्तीला दिलेल्या मदतीवर ती नसते, ८०जी नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत दिली आणि संस्थेने पावती दिली तरच मिळते. मंचाची वजावट किती, पैसे कधी सोडतात आणि शस्त्रक्रिया रद्द झाली तर परत कसे जातात, हे तीन प्रश्न पान सुरू करण्याआधी लेखी विचारा. नाहीतर "देणाऱ्यांना विचारून ठरवू" हे आश्वासन तुम्हाला पाळता येणार नाही.

ग्रुपवर हा सगळा मजकूर टाकू नका. तिथे पाच ओळी पुरतात:

"सोलापूरच्या ३४ वर्षांच्या यंत्रमाग कामगाराच्या किडनी प्रत्यारोपणासाठी ५,४०,००० रुपये कमी पडत आहेत. एकूण खर्च ८,४०,०००. कुटुंबाने ३,००,००० उभे केले आहेत. रुग्णालयाचं पत्र, हिशेब आणि पैसे भरण्याची माहिती या दुव्यावर आहे. हे आवाहन अमुक तारखेचं आहे आणि अमुक तारखेपर्यंतच आहे. त्यानंतर कृपया पुढे पाठवू नये."

शेवटच्या दोन वाक्यांत कसूर करू नका. व्हॉट्सॲपवर गेलेला मजकूर मरत नाही. प्रत्यारोपण होऊन भाऊ कामावर जायला लागला तरी दोन वर्षांनी कुणीतरी तो पुढे ढकलतं. तारीख असली की वाचणारा स्वतःच थांबतो. क्यूआर कोडचं चित्र ग्रुपवर सोडू नका, कारण चित्रातला कोड बदलून तोच मजकूर पुन्हा फिरवणं अवघड नसतं. कोड फक्त पानावर ठेवा आणि पैसे पाठवताना पडद्यावर कोणतं नाव दिसेल तेही लिहा. पूर्व भागातल्या घरांसाठी तेलुगूत संदेश करायचा असेल तर घरातल्या जाणत्या माणसाकडून करून घ्या, आकडे आणि तारखा मराठीतल्याच ठेवा. दोन भाषांत दोन रकमा दिसल्या की संशय सुरू होतो.

पाठपुरावा मोजका ठेवा. सुरुवातीचा एक संदेश, काही बदललं की एक: सवलत मंजूर झाली, मंजुरी मिळाली, तारीख ठरली, मागणी पूर्ण झाली. "अजून पन्नास हजार कमी आहेत, कुठे गेली माणुसकी" असे रोजचे संदेश पाठवून तुम्ही ज्या नात्यांवर पुढे अवलंबून राहणार आहात तीच झिजवता.

आणि एक संदेश आत्ताच लिहून बाजूला ठेवा, पाठवायची वेळ येवो न येवो. वहिनी तपासणीत बसल्या नाहीत किंवा त्यांनी विचार बदलला, तर त्या गडबडीत काहीतरी चुकीचं लिहिलं जातं. तो असा असावा:

"प्रत्यारोपण सध्या पुढे ढकललं आहे. डायलिसिस पूर्वीप्रमाणे चालू आहे आणि तब्येत स्थिर आहे. आजपर्यंत जमलेली रक्कम आणि झालेला खर्च पानावर दिला आहे. उरलेले पैसे परत हवेत की पुढच्या प्रत्यारोपणासाठी ठेवायचे, हे प्रत्येकाने कृपया कळवावं. नवीन मदत सध्या घेत नाही."

कारण त्यात लिहायचं नाही. कुणी खोदून विचारलं तर घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं: "रुग्णालयाने सध्या थांबायला सांगितलंय." दात्याला माघार घ्यायची असेल तर डॉक्टरही कुटुंबाला तपशील न सांगता एवढंच सांगू शकतात, आणि तसं सांगा अशी विनंती वहिनी त्यांना एकट्याने भेटून करू शकतात. हे त्यांना आजच सांगून ठेवा. भाऊ समोर नसताना, घरातल्या एखाद्या बाईने सांगितलं तर जास्त बरं. मरणोत्तर दात्यासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे रुग्णालयामार्फत नाव नोंदवायचं की नाही, हेही त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारून घ्या, म्हणजे सगळा भार एकट्या वहिनींवर राहणार नाही.